‘ब्रोकन विंडोज’: दुरुस्ती कोणाची आणि अटक कोणाला

प्रश्न : ‘ब्रोकन विंडोज’ पोलीसिंगला, म्हणजे किरकोळ बेशिस्त वेळीच आवरली की मोठे गुन्हेही टळतात या समजुतीवरच्या पोलिसी धोरणाला, मराठीत कोणी ‘तुटलेल्या खिडक्यांचा सिद्धांत’ म्हणतात, तर कोणी ‘शून्य सहनशीलता’. यांतले बरोबर काय? आणि न्यूयॉर्कची गुन्हेगारी यामुळेच कमी झाली, हे खरे आहे का?

‘शून्य सहनशीलता’, म्हणजे किरकोळ गुन्ह्यालाही माफी नाही, हे तर मुळीच नव्हे, आणि हे दोन शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी सर्रास वापरणाऱ्यांनी मूळ लेख उघडूनही पाहिलेला नसतो. ‘तुटलेली’ हेही कानाला खटकते, कारण मराठीत काच फुटते. तुटते ती दोरी. तेव्हा ‘फुटकी खिडकी’ म्हणावे. काही विद्वान या शब्दाचे मूळ बास्तिया या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाच्या १८५० सालच्या दाखल्यात शोधतात. पण तिथे प्रश्न काच फुटल्याने काचवाल्याला मिळालेल्या कामातून समाजाचा फायदा होतो का, एवढाच आहे. पोलिसांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आपल्या शब्दाचे खरे जन्मस्थान म्हणजे जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी मार्च १९८२ मध्ये अमेरिकेतल्या ‘अटलांटिक मन्थली’ या मासिकात लिहिलेला लेख. इमारतीची एक खिडकी फुटली आणि ती दुरुस्त न करता तशीच राहू दिली, तर बाकीच्याही लवकरच फुटतील, असे त्यांनी म्हटले आणि पुराव्यादाखल फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाचा १९६९ चा प्रयोग दिला. गंमत अशी की त्या प्रयोगात इमारतही नव्हती आणि इमारतीची खिडकीही नव्हती. होत्या दोन मोटारी. नंबरप्लेट काढून, बॉनेट उघडे ठेवून एक मोटार न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उभी केली होती, ती काही मिनिटांतच लुटायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या मोटारीला कोणी हात लावला नाही. उलट पाऊस आला तेव्हा एका वाटसरूने इंजिन भिजू नये म्हणून तिचे बॉनेट खाली केले. विल्सन-केलिंग सांगतात की मग झिंबार्डोने तिच्यावर घण घातला आणि लगेच येणारे-जाणारे त्यात सामील झाले. झिंबार्डोची स्वतःची हकिगत मात्र वेगळी आहे : घण चालवण्याची सुरुवात त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनीच केली, आणि त्यांनाच त्यात चेव चढला. शिवाय त्याच्या अभ्यासाचा विषय होता निनावीपणा, म्हणजे आपल्याला कोणी ओळखत नाही या जाणिवेने माणूस कसा वागतो हा. एका फुटक्या काचेमुळे भले लोक बिघडतात याचा पुरावा म्हणून हा प्रयोग आजही मिटक्या मारत सांगणाऱ्या व्याख्यात्यांची मला कीव येते.

माझे स्वतःचे मत असे की या शब्दाचा प्राण ‘फुटकी’ या विशेषणात नसून ‘दुरुस्त न केलेली’ या दुसऱ्या, पुढे गळून पडलेल्या विशेषणात आहे. दुरुस्ती करायची ती घरमालकाने किंवा नगरपालिकेने. त्यात पकडायला कोणी नसतेच. पण त्याच लेखात पुढे एक वाक्य येते, की कोणी न हटकलेला भिकारी हीच जणू पहिली फुटकी खिडकी. खिडकीच्या जागी माणूस बसला की दुरुस्तीच्या जागी अटक बसणार, हे उघड आहे. आपल्या सिद्धांताचा अर्थ ‘शून्य सहनशीलता’ असा कधीच नव्हता, अशी तक्रार केलिंग पुढे अनेकदा करीत, आणि ती अर्धी खरीही आहे. मूळ लेखातला नेवार्क शहरातला पायी गस्त घालणारा पोलीस दारुड्यांना ओट्यावर बसू देतो, पण आडवे होऊ देत नाही. गल्लीत पिऊ देतो, मुख्य चौकात नाही, आणि तेही बाटली कागदी पिशवीत असेल तरच. ही तडजोड म्हणजे शून्य सहनशीलतेच्या अगदी उलट टोक. पण भिकाऱ्याला खिडकी म्हणणारे वाक्यही केलिंग यांच्याच लेखातले आहे, त्यामुळे उरलेल्या अर्ध्या तक्रारीचे उत्तरदायित्व त्यांनाच घ्यावे लागेल.

आता न्यूयॉर्क. महापौर जुलियानी आणि पोलीस आयुक्त ब्रॅटन यांनी १९९४ पासून किरकोळ गुन्ह्यांसाठी धरपकड वाढवली आणि हिंसक गुन्हे झपाट्याने घटले, हे खरे. ज्या ठाण्यांच्या हद्दीत अशा अटका अधिक झाल्या तिथे हिंसाही अधिक घटली, असे केलिंग आणि विल्यम सूझा यांनी २००१ मध्ये दाखवले. बर्नार्ड हारकोर्ट आणि जेन्स लुडविग यांनी २००६ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. १९८० च्या दशकात क्रॅक कोकेनच्या लाटेत ज्या हद्दींत हिंसा सर्वांत जास्त चढली होती, तिथेच पोलीसबळ आणि अटका जास्त वाढल्या, आणि लाट ओसरल्यावर त्याच हद्दींत हिंसा सर्वांत जास्त उतरली. जो ताप फार चढतो तो उतरतानाही फार उतरतो, मग काढा कोणताही दिलेला असो. चढाचा हा हिशेब धरला की अटकांचे श्रेय उरत नाही. शिवाय शहरातली घट १९९४ च्या आधीच सुरू झाली होती, आणि सॅन डिएगोसारख्या शहरांत, जिथे धरपकडीऐवजी रहिवाशांच्या सहकार्यावर भर होता, तिथेही गुन्हे मोठ्या प्रमाणात घटले.

याहून मूलगामी आक्षेप शिकागोहून आला. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांच्या पथकाने १९९५ मध्ये १९६ वस्त्यांमधून व्हिडिओ कॅमेरे लावलेली गाडी अगदी संथ चालवली आणि रस्त्यांच्या २३,००० हून अधिक तुकड्यांवरची सिगारेटची थोटके, कचरा, भिंतींवर रंगाने खरडलेली अक्षरे आणि उघड्यावरचे मद्यपान टिपून घेतले. १९९९ मध्ये निष्कर्ष आला तो असा, की वस्तीतले दारिद्र्य आणि शेजाऱ्यांचा परस्परांवरचा विश्वास लक्षात घेतला, तर अव्यवस्था आणि गुन्हे यांच्यातला दुवा बहुतांशी विरतो. एक जबरी चोरी तेवढी अपवाद. म्हणजे अव्यवस्था हे गुन्ह्याचे कारण नसून दोघांची मुळे एकाच मातीत आहेत. याच दोघांनी २००४ मध्ये दाखवले की प्रत्यक्ष कचरा सारखाच असला तरी वस्तीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण जास्त असेल तिथे लोकांना अव्यवस्था अधिक ‘दिसते’. अटकांचा भार कोणत्या वस्त्यांवर पडतो, याचे मूळ अंशतः या दिसण्यातच आहे.

मग हे सगळे थोतांड समजायचे का? तसेही नाही, आणि इथे माझ्या गळालेल्या विशेषणाचा पक्ष बळकट होतो. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल शहरात अँथनी ब्रागा आणि ब्रेंडा बाँड यांनी गुन्ह्यांचे ३४ अड्डे निवडून त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, एका ठिकाणी किरकोळ गुन्ह्यांच्या अटका, समाजसेवेची मदत आणि जागेची डागडुजी अशी तिन्ही कामे एकत्र केली. २००८ च्या अहवालानुसार त्या ठिकाणांहून पोलिसांना येणारे फोन, न निवडलेल्या जोडीदार ठिकाणांच्या तुलनेत, सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. आणि तिन्हींपैकी सर्वाधिक परिणाम मोकळे भूखंड साफ करणे, दिवे लावणे, पडक्या इमारती बंद करणे अशा कामांचा होता, अटकांचा नव्हे. ब्रागा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा ३० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही हेच दिसले : रहिवाशांबरोबर जागेचा प्रश्न सोडवणाऱ्या उपायांनी गुन्हे घटतात, नुसत्या धरपकडीचा लक्षणीय परिणाम दिसत नाही.

फिलाडेल्फियाने तर शब्द शब्दशःच घेतला. तिथे २०११ पासून ओस घरांच्या मालकांना उघडणारी-मिटणारी खरी दारे आणि खिडक्या बसवण्याची सक्ती सुरू झाली. प्लायवूडचे फळकूट ठोकलेले चालत नाही. ज्या घरांनी हा नियम पाळला त्यांच्या आसपास बंदुकीने होणारे हल्ले घटल्याचे मिशेल काँडो आणि सहकाऱ्यांना २०१५ मध्ये आढळले. घरे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे हा पुरावा लॉवेलइतका भक्कम नाही. पण दंडाची नोटीस इथे गेली ती घरमालकाला.