दोन गर्भांपैकी एकाची वाढ थांबली, तेव्हा

"सुनेच्या पहिल्या सोनोग्राफीत जुळं सांगितलं होतं. आता एकाचे ठोके बंद झाले म्हणतात. गेलेला जीव पोटातच राहिला तर दुसऱ्याला विषबाधा होईल ना? घरचे म्हणतात, हिची पिशवी साफ करून घ्या."

विषबाधा होणार नाही आणि पिशवी तर मुळीच साफ करायची नाही, हे मी सासूबाईंच्या समोरच सांगितले, कारण पुढचा निर्णय त्यांच्या शब्दावर ठरणार होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, कापूस वेचणीच्या ऐन हंगामात, दोघी तालुक्याच्या रुग्णालयात आल्या होत्या. सून गप्प होती; बोलत होत्या त्या सासूबाईच.

मी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवले. सातव्या आठवड्यातल्या पहिल्या तपासणीत एका गर्भाची लांबी १० मिलिमीटर आणि दुसऱ्याची ८ होती, आणि ठोके दोघांचेही दिसले होते. नवव्या आठवड्यात पहिला २३ मिलिमीटरचा झाला होता, ठोके नीट होते. दुसरा मात्र ११ वरच थांबला होता आणि त्याचे ठोके नव्हते. सात मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गर्भात ठोके दिसलेच नाहीत तर वाढ थांबली असे मानले जाते, आणि येथे तर आधी दिसलेले ठोके बंद झाले होते. गर्भ सात मिलिमीटरपेक्षा लहान असता, तर घाईने निष्कर्ष न काढता आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करावी लागली असती.

त्याच रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ होती, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची होती: दोन गर्भांच्या पिशव्यांमध्ये जाड पडदा आहे. याचा अर्थ दोघांची वार वेगळी, रक्तपुरवठा वेगळा. एकाचे रक्त दुसऱ्याकडे जात नाही, त्यामुळे थांबलेल्या गर्भाचे काही वाढणाऱ्या गर्भात उतरण्याचा मार्गच नसतो. बंद पिशवीत बाहेरचे जंतूही नसतात, म्हणून तो भाग सडत नाही. त्यातले पाणी हळूहळू आटते, पिशवी चपटी होते आणि काही आठवड्यांत शरीर तो इवलासा भाग शोषून घेते. मी पट्टीवर बोट ठेवून ११ मिलिमीटर दाखवले, तेव्हा सासूबाईंनी पट्टी हातात घेऊन स्वतः पाहिले.

"मग साफ केलं तर बिघडते काय?" त्यांनी विचारले. "काकू, दोन्ही गर्भ एकाच गर्भाशयात आहेत. क्युरेटिंग करताना एकाला काढून दुसऱ्याला राखता येत नाही." गर्भपाताच्या गोळ्यांचेही तसेच, त्या थांबलेल्या गर्भाला वेगळे ओळखत नाहीत. औषधाच्या दुकानातून कुणी सहज आणून दिल्या, तर जिवंत गर्भही जाईल, हे मी त्यांना दोनदा बजावले.

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. शेतात वाकून काम केले, म्हणून असे झाले का, एवढेच तिने विचारले. इतक्या लवकर वाढ थांबण्यामागे बहुतेकदा त्या गर्भातल्या गुणसूत्रांचा दोष असतो, आणि तो गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. वेचणीने किंवा पपईच्या फोडीने तो येत नाही. हे मी तिला सांगितले, पण रोख सासूबाईंकडे ठेवला. "एक तर राहिलं ना" असे तिला कोणी म्हणू नये, अशीही विनंती केली, कारण दोन आठवडे ती दोघांची आई होती.

पुढे थोडे तपकिरी डाग दिसू शकतात. मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजेल असा रक्तस्राव, असह्य कळा, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी निघायचे. तिचा रक्तगट आरएच पॉझिटिव्ह होता. निगेटिव्ह असता तर रक्तस्राव होताच अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगितले असते. फाइलच्या पहिल्या पानावर मी "सुरुवातीला जुळे, एकाची वाढ थांबली" असे ठळक लिहून घेतले. थांबलेल्या गर्भाचा अंश आईच्या रक्तात काही काळ राहतो आणि त्यामुळे गुणसूत्रांचा दोष शोधणाऱ्या डबल मार्करसारख्या किंवा गर्भाच्या डीएनएच्या रक्ततपासणीचा निकाल फसवा येऊ शकतो. अशा वेळी ११ ते १३ आठवड्यांत गर्भाच्या मानेमागचा द्रव मोजणाऱ्या एनटी सोनोग्राफीवर अधिक भर द्यावा लागतो.

एनटी सोनोग्राफीत दुसरी पिशवी जेमतेम एका चपट्या रेषेएवढी उरली होती. तिला दिवस भरून मुलगी झाली.

दोघांची वार एकच असेल, किंवा चौथ्या महिन्यानंतर एकाचे ठोके बंद पडले असतील, तर मात्र मी वरचे आश्वासन देत नाही. सामाईक वारेत रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात आणि राहिलेल्या बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते; अशा स्त्रीला वाट न पाहता नागपूरसारख्या ठिकाणी तज्ज्ञांकडे पाठवावे लागते. म्हणून जुळे सांगितले की पहिल्याच सोनोग्राफीच्या वेळी वार एक की दोन, एवढे विचारून रिपोर्टवर लिहून घ्यावे, कारण पुढे दिवस वाढतील तसे ते सांगणे अवघड होत जाते.