प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ‘व्हेरिफाइड’ दिसतं. ते पान खरं की बनावट, कसं ओळखायचं?

प्रश्न: अर्जासोबत पदवी प्रमाणपत्राची पीडीएफ आली आहे. त्यावर क्यूआर कोड आहे. स्कॅन केल्यावर संस्थेचं बोधचिन्ह आणि हिरव्या अक्षरांत ‘व्हेरिफाइड’ असं पान उघडतं. एवढ्यावर विश्वास ठेवायचा का? आणि असा कोड स्कॅन करण्यातच धोका आहे का?

उत्तर: एवढ्यावर नाही. ‘व्हेरिफाइड’ हा शब्द सध्या बाजूला ठेवा, कारण तो कुणी लिहिला हेच अजून ठरायचं आहे. क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत मांडलेला साधा मजकूर. असा कोड कुणालाही दोन मिनिटांत फुकट बनवता येतो. बनावट प्रमाणपत्र तयार करणारा माणूस शिक्का आणि सही उतरवतो, तसा कोडही छापतो, आणि तो कोड स्वतःच बनवलेल्या पानाकडे वळवतो. ज्याची तपासणी करायची त्यानेच साक्षीदार आणून उभा करावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून खरी तपासणी कोडची नसते, कोडमधल्या पत्त्याची असते.

नुसता कोड वाचल्याने सहसा काही बिघडत नाही. धोका सुरू होतो तो पत्ता उघडल्यावर, आणि मोठं नुकसान होतं ते त्या पानावर काही भरल्यावर किंवा तिथून काही उतरवून घेतल्यावर. त्यामुळे आधी वाचायचं आणि मग उघडायचं की नाही ते ठरवायचं. बहुतेक फोनचा कॅमेरा कोडवर धरला की लगेच पान उघडत नाही, आधी पत्त्याची छोटी पट्टी दाखवतो. अडचण अशी की त्या पट्टीत कित्येकदा पत्त्याचा काही भागच मावतो. म्हणून पूर्ण मजकूर दाखवणारा आणि कॉपी करू देणारा स्कॅनर वापरा, आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘लिंक आपोआप उघडा’ असा पर्याय असेल तर तो बंद करा. पीडीएफ संगणकावर असेल तर मी पुढचा मार्ग पसंत करतो. पहिली आज्ञा पानाचं चित्र बनवते, दुसरी त्यातल्या कोडचा मजकूर फक्त छापून दाखवते, उघडत काहीच नाही. (एकाच पानाची फाइल असेल तर चित्राचं नाव साधारणपणे `page-1.png` असं येतं.)

```
pdftoppm -r 300 -png certificate.pdf page
zbarimg -q --raw page-1.png
```

पीडीएफमध्ये कोडच्या चित्रावर वेगळी क्लिक करण्याजोगी लिंक लावलेली असू शकते आणि ती कोडमधल्या पत्त्यापेक्षा निराळी असू शकते. त्यामुळे कोडवर क्लिक करू नका. प्रमाणपत्र कागदावर असेल तर कोडवरून बोट फिरवून बघा. मूळ कोडवर दुसरा कोड छापलेलं स्टिकर चिकटवलेलं असेल तर कडा हाताला लागते.

आता मुख्य काम, पत्ता वाचण्याचं. समजा संस्थेचं खरं संकेतस्थळ `example.org` आहे (ही नावं नमुन्यासाठीच राखून ठेवलेली आहेत) आणि कोडमधून हे निघालं:

```
https://example.org.certificate-verify.example/check?id=417203
```

घाईत वाचणाऱ्याला सुरुवातीला `example.org` दिसतं आणि तो निर्धास्त होतो. फोनच्या अरुंद पट्टीत तर कधी तेवढंच दिसतं. रचणाऱ्याचा हिशेब यावरच असतो. पत्ता असा वाचा: `https://` नंतर पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा तुकडा वेगळा काढा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. सगळ्यात उजवीकडे `example`, त्याआधी `certificate-verify`. या दोघांची जोडी, `certificate-verify.example`, हे विकत घेतलेलं डोमेन. या पानाचा मालक तोच, ज्याने हे डोमेन घेतलं. त्याच्या डावीकडे जे काही आहे ते मालक मनाला येईल तसं लिहू शकतो, त्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही. इथे `example.org` हे शब्द सजावटीपुरते आहेत. (काही देशांच्या पत्त्यांत शेवट दोन तुकड्यांचा असतो, उदाहरणार्थ `ac.uk`. तिथे उजवीकडून तीन तुकडे धरायचे.)

याच चालीचे आणखी दोन-तीन प्रकार नेहमी दिसतात. `example-org.example` यात टिंबाच्या जागी जोडरेघ आहे, त्यामुळे ते पूर्णपणे वेगळं डोमेन होतं. `https://example.org@certificate-verify.example/` यात `@` च्या आधीचा भाग ब्राउझर वापरकर्त्याचं नाव समजतो आणि जातो मात्र नंतरच्या पत्त्यावर. अक्षरांचीही फसवणूक असते: `m` च्या जागी `rn`, किंवा लॅटिन `a` च्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं सिरिलिक अक्षर. अशी परकी अक्षरं असलेला पत्ता ब्राउझर अनेकदा `xn--` ने सुरू होणाऱ्या रूपात दाखवतो. साध्या इंग्रजी नावाच्या संस्थेच्या पत्त्यात `xn--` दिसलं तर तिथेच थांबा.

कुलपाच्या चिन्हावर किंवा `https` वर मात्र काही ठरवू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा कोण आहे, याची ती हमी नाही. त्यासाठी लागणारं तांत्रिक प्रमाणपत्र कुठल्याही डोमेनधारकाला काही मिनिटांत फुकट मिळतं. क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये ते कुलूप काढून दुसरं चिन्ह आणलं, कारण लोक त्याचा अर्थ ‘विश्वासू’ असा घेत होते.

पत्ता वाचल्यावरही खात्री होत नसेल, तर माझ्या मते निर्णायक तपासणी एकच: कोड सोडून द्या आणि संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःच्या वाटेने जा. प्रमाणपत्रावर छापलेला पत्ता, ईमेल किंवा फोन वापरू नका, कारण तेही त्याच माणसाने छापलेलं असू शकतं. शोधयंत्रात शोधत असाल तर वर येणाऱ्या जाहिराती वगळा. संस्थेच्या मुखपृष्ठावरून पडताळणीच्या पानापर्यंत पोहोचा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक तिथे हाताने टाइप करा. आता कोडमधलं डोमेन आणि या पानाचं डोमेन ताडून पाहा. वेगळं निघालं म्हणजे लगेच बनावट, असंही नाही. अनेक संस्था हे काम बाहेरच्या सेवेकडे देतात, जसं `credly.com` किंवा `credential.net`. पण तसं असेल तर त्या सेवेचा उल्लेख किंवा दुवा संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सापडायला हवा. वाट संस्थेकडून सेवेकडे गेली पाहिजे. सेवेच्या पानावर संस्थेचं बोधचिन्ह असणं हा पुरावा नाही, ते कुणीही उचलून लावू शकतं.

पान आधीच उघडलं असेल तर काही खुणा बघता येतात. तिथल्या शोधचौकटीत `000000` असा उघडच खोटा क्रमांक टाका. खरी यंत्रणा ‘नोंद सापडली नाही’ असं सांगते. बनावट पान पुष्कळदा पुन्हा तेच हिरवं ‘व्हेरिफाइड’ दाखवतं किंवा चौकट चालतच नाही, कारण मागे नोंदींचा साठाच नसतो. मग पत्त्यातला पहिल्या तिरक्या रेघेनंतरचा भाग पुसून मुखपृष्ठ उघडा. तिथे रिकामं पान किंवा होस्टिंग कंपनीचं तयार पान आलं, तर हे संकेतस्थळ एका प्रमाणपत्रापुरतं उभं केलेलं असण्याची शक्यता मोठी. वरच्या मेनूतले दुवे दाबल्यावर काहीच होत नसेल, किंवा सगळे खऱ्या संस्थेकडे नेत असतील, तर पान नकलून आणलेलं आहे असं समजा. उलट बाजू अशी की मेहनती लबाड खोटा साठाही तयार करतो. त्यामुळे या खुणा सापडल्या तर संशय पक्का होतो, पण सापडल्या नाहीत म्हणून पान खरं ठरत नाही.

डोमेन कधी घेतलं तेही बघा. `lookup.icann.org` वर नाव टाकलं की नोंदणीची तारीख मिळते (देशांच्या काही डोमेनांची माहिती तिथे मिळत नाही). प्रमाणपत्र 2016 चं, तेव्हाच छापलेलं, आणि कोडमधलं डोमेन तीन महिन्यांपूर्वीचं, हे जुळत नाही: 2016 मध्ये छापताना तो पत्ता अस्तित्वातच नव्हता. प्रमाणपत्राची दुसरी प्रत अलीकडे काढलेली असेल तर मात्र त्यावर नवा पत्ता असू शकतो, म्हणून प्रत कधी दिली ती तारीखही वाचा.

आता असा प्रकार, जो वरच्या सगळ्या चाळण्यांतून सुटतो. कोड खरा, डोमेन खरं, नोंदही खरी, पण ती दुसऱ्याची. कुणाच्या तरी खऱ्या प्रमाणपत्रावरचा कोड उचलून खोट्या कागदावर चिकटवलेला असतो. तो स्कॅन केला की संस्थेचंच पान उघडतं, आणि बघणारा नाव न वाचताच समाधान मानतो. म्हणून पानावरचं नाव, अभ्यासक्रम, श्रेणी, तारीख आणि क्रमांक कागदाशी एकेक करून ताडा. नाव तेच आणि श्रेणी वाढवलेली, असंही घडतं. पान फक्त ‘वैध’ एवढंच सांगत असेल, तपशील काहीच देत नसेल, तर संस्थेला तिच्या संकेतस्थळावरच्या ईमेलवर लिहून विचारा.

कोडमधून पत्त्याऐवजी सरळ नाव आणि गुण निघाले तर ती पडताळणी नव्हेच, कागदावरचंच पुन्हा लिहिलेलं आहे. अर्थ न लागणारी लांबलचक अक्षरमाळ निघाली तर ती डिजिटल सही केलेली माहिती असू शकते. युरोपीय संघाच्या कोविड प्रमाणपत्रांतला मजकूर `HC1:` ने सुरू व्हायचा, तो याच जातीचा. अशी सही कागद देणाऱ्या संस्थेच्या अॅपने तपासता येते आणि आतलं एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. फक्त ते अॅपही संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्या, प्रमाणपत्रासोबत आलेल्या दुव्यावरून नको.

पडताळणीच्या पानाला तुमचा ओटीपी, ईमेलचा पासवर्ड किंवा एपीके फाइल बसवण्याची परवानगी कधीच लागत नाही. मागितलं तर पान बंद करा. काही संस्था पडताळणीचं शुल्क घेतात, ते खरं असतं, पण ते कोडवरून उघडलेल्या पानावर न भरता संस्थेच्या संकेतस्थळावरून शोधलेल्या पानावरच भरा. पासवर्ड आधीच दिला असेल तर तो दुसऱ्या उपकरणावरून बदला. कार्डाची माहिती दिली असेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला फोन करून कार्ड बंद करायला सांगा.

शेवटी अर्जदाराबद्दल. कोड उघडत नाही एवढ्यावरून प्रमाणपत्र खोटं ठरवू नका. संस्था डोमेनचं नूतनीकरण विसरतात, संकेतस्थळ बदलतात, किंवा मधल्या सेवेतून वळवलेला कोड त्या सेवेची वर्गणी संपल्यावर भलतीकडेच जातो. सोडून दिलेलं डोमेन नंतर कुणीही विकत घेऊ शकतं, त्यामुळे खऱ्या प्रमाणपत्रावरचा जुना कोडही फसव्या पानावर उतरू शकतो. अशा वेळी प्रमाणपत्राचा क्रमांक घ्या, संस्थेच्या परीक्षा किंवा नोंदणी विभागाला लिहा, आणि उत्तर येईपर्यंत अर्ज ना मंजूर करा ना फेटाळा.