‘नैराश्य’, ‘खिन्न’ आणि ‘न्याय न करता’

प्रश्न : आमच्या मंडळीत डिप्रेशनवर मराठीत उपदेश करायचा आहे. मसुद्यात ‘नैराश्य म्हणजे अल्पविश्वास नव्हे’ आणि ‘न्याय न करता ऐका’ ही वाक्ये आहेत. हे शब्द बरोबर आहेत का?

उत्तर : पहिल्या वाक्यातला विचार पक्का आहे, पण ‘नैराश्य’ हा शब्द देवळात जरा अडचणीचा ठरतो. विश्वास, आशा, प्रीती ही तिन्ही नावे मंडळी एका दमात घेते. त्यामुळे ‘निराश’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘याची आशा सुटली’ असाच अर्थ उमटतो, आणि उपदेशकाला जो डाग पुसायचा असतो तोच शब्दातून पुन्हा लागतो. म्हणून ‘ते निराश आहेत’ असे न म्हणता ‘त्यांना नैराश्याचा आजार आहे’ किंवा सरळ ‘डिप्रेशन आहे’ म्हणावे. मधुमेह ‘असतो’, तसा हाही असतो. त्यात माणसाच्या स्वभावावर शेरा नाही.

मनाच्या अवस्थेसाठी मराठी बायबलचाच शब्द घ्या : खिन्न. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे बेचाळिसावे स्तोत्र अनेकांना पाठ असते. गेथशेमाने बागेत येशू स्वतःचा जीव ‘अति खिन्न’ झाल्याचे शिष्यांना सांगतो आणि त्यांना फक्त सोबत जागे राहायला सांगतो. हा दाखला दिल्यावर दुःखाला विश्वासाची उणीव म्हणायला कोणाची जीभ रेटणार? मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘अल्पविश्वासी’ हा शब्द अन्नवस्त्राची चिंता, वादळाची भीती, पाण्यात बुडू लागलेला पेत्र आणि भाकरी विसरलेले शिष्य यांच्या संदर्भात येतो. खिन्न माणसाला तो कुठेही लावलेला नाही. एवढे मात्र सांभाळा, की खिन्नता म्हणजे आजार नव्हे. दोन आठवडे उलटून गेले तरी मन उठत नाही, झोप-भूक बिघडते, आवडीची गोष्टही नकोशी होते, तेव्हा नुसते ‘खिन्न’ म्हणून भागत नाही. तिथे ‘आजार’ आणि ‘डॉक्टर’ हे शब्द उच्चारलेच पाहिजेत.

‘न्याय न करता ऐका’ मात्र बदलाच. मराठीत न्याय ही चांगली गोष्ट आहे. तो न करणे म्हणजे अन्याय. मत्तयाच्या सातव्या अध्यायात ‘दोष काढू नका’ आहे, तेच घ्या. शिवाय ‘ऐका’पेक्षा ‘ऐकून घ्या’ बरे, कारण ‘ऐकून घेणे’ यात समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये न बोलणे आलेच. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर सगळे ठीक होते. बिघडले ते त्यांनी त्याचे दोष काढायला सुरुवात केल्यावर.

तेव्हा वाक्य असे करता येईल : ‘कोणी खिन्न असेल तर त्याचे दोष न काढता ऐकून घ्या, आजार असेल तर डॉक्टरकडे त्याच्या सोबतीने जा, आणि त्याला अल्पविश्वासी म्हणू नका.’