इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राला शिवतच नाहीत, तरी पट्टे सरकतात?

प्रश्न : 'अहारोनोव्ह-बोम परिणामात इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रातून जातच नाहीत म्हणतात, तरी व्यतिकरणाचे पट्टे सरकतात. मला हे पटत नाही. कुठूनतरी क्षेत्र गळत असणारच ना?'

तुमची शंका अगदी रास्त आहे. 1959 मध्ये अहारोनोव्ह आणि बोम यांचा लेख आल्यावर भल्याभल्यांनी हीच शंका घेतली आणि तिचं निरसन व्हायला पाव शतकाहून जास्त काळ गेला. मी सोलापुरात एम.एस्सी.ला क्वांटम मेकॅनिक्स शिकवतो. वर्गातही दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं आणि विचारायलाच हवं.

आधी आकडे बघू. इलेक्ट्रॉनची एक लाट दोन वाटांनी जाते आणि जिच्या फक्त आतच चुंबकीय क्षेत्र आहे अशा मधल्या बारीक कॉइलला वळसा घालून पुन्हा एकत्र येते. दोन वाटांमधला फेजचा फरक Δφ = eΦ/ħ एवढा बदलतो; e म्हणजे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, ħ म्हणजे प्लँकचा स्थिरांक h भागिले 2π आणि Φ म्हणजे वाटांनी वेढलेला एकूण चुंबकीय फ्लक्स. फ्लक्स h/e, म्हणजे सुमारे 4.14 × 10⁻¹⁵ वेबर झाला की पट्टे बरोबर एक घर सरकतात. समजा कॉइलची त्रिज्या 1 मायक्रोमीटर आहे आणि आत 1 मिलिटेस्ला क्षेत्र आहे. फ्लक्स 3.14 × 10⁻¹⁵ वेबर येतो, म्हणजे पट्टे सुमारे पाऊण घर सरकतील. एवढं किरकोळ क्षेत्र पुरतं. म्हणूनच गळतीची शंका सहजासहजी झटकून टाकता येत नाही.

गळती ओळखायची एक खूण मात्र आहे. वाटेत खरंच क्षेत्र असेल तर इलेक्ट्रॉनवर बल लागतं, झोत वळतो आणि पडद्यावरचा अख्खा नमुना बाजूला जातो. अहारोनोव्ह-बोम परिणामात पट्टे सरकतात, पण ते ज्या मोठ्या उजेडाच्या पट्टीत दिसतात ती पट्टी जागची हलत नाही. आपल्या सोलापुरी चादरीच्या भाषेत सांगायचं तर किनार जिथल्या तिथे राहते आणि आतली नक्षी तेवढी सरकते.

1960 मध्ये चेंबर्सनी लोखंडाचा केसासारखा बारीक स्फटिक वापरला, 1962 मध्ये म्योलेनश्टेट आणि बाय यांनी सूक्ष्म कॉइल वापरली. पट्टे सरकले. पण स्फटिकाला काय आणि कॉइलला काय, टोकं असतात आणि टोकांतून क्षेत्र बाहेर पडतं. आक्षेप घेणाऱ्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

माझ्या मते या सगळ्याचा निकाल लावला तो हिताची कंपनीत काम करणाऱ्या अकिरा तोनोमुरा यांच्या 1986 च्या प्रयोगाने. त्यांनी चुंबकाची टोकंच काढून टाकली. पर्मॅलॉय नावाच्या मिश्रधातूचं काही मायक्रोमीटरचं कडं घेतलं. त्यात फ्लक्स गोल फिरून आतल्या आतच बंद होतो. कड्याला चहूबाजूंनी नायोबियमचं वेष्टण दिलं आणि त्यावर तांब्याचा थर चढवला, म्हणजे इलेक्ट्रॉन आतल्या चुंबकापर्यंत पोचायलाच नको. मग लाटेचा एक भाग कड्याच्या भोकातून गेला, दुसरा बाहेरून, आणि होलोग्राम घेऊन दोन्हींच्या फेजची तुलना केली.

खरी गंमत थंड केल्यावर आहे. नायोबियम 9.2 केल्विनच्या खाली अतिवाहक होतं, म्हणजे त्यातून वीज विनारोध वाहते. अतिवाहक एक तर क्षेत्राला आपल्यातून बाहेर पडू देत नाही. शिवाय त्याने पूर्ण वेढलेला फ्लक्स कितीही असून चालत नाही. अतिवाहकातला प्रवाह आपणहून कमी-जास्त होऊन एकूण फ्लक्स h/2e च्या पूर्ण पटीत आणून ठेवतो. तिथे 2e येतो, कारण अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात. आपल्या झोतातला इलेक्ट्रॉन मात्र एकटा असतो. h/2e वरच्या सूत्रात घाला, फेज π येतो. म्हणजे गळती खरोखर बंद असेल तर उत्तरं दोनच: पट सम असेल तर फरक 0 आणि पट्टे जागच्या जागी, विषम असेल तर फरक π आणि भोकातले पट्टे बाहेरच्यांपेक्षा बरोबर अर्धं घर पुढे.

तापमान वर असताना प्रत्येक कड्याचा फेज वेगवेगळा, कसाही येत होता. थंड केल्यावर तो 0 किंवा π च आला. क्षेत्र बाहेर झिरपून पट्टे सरकत असते तर ते नेमके अर्ध्या घरावरच येऊन का थांबले असते? आणि झाकण पक्कं बसल्यावर परिणाम नाहीसा व्हायला हवा होता, तोही झाला नाही. गळतीच्या शंकेला यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही.

राहिला प्रश्न, मग इलेक्ट्रॉनला 'कळतं' कसं? नेहमीचं उत्तर असं, की कॉइलबाहेर क्षेत्र शून्य असलं तरी सदिश विभव A, म्हणजे ज्या राशीपासून चुंबकीय क्षेत्र काढतात ती, शून्य नसतो आणि फेज त्याच्याशी जोडलेला असतो. एका ठिकाणचा A आपण गणितात सोयीने बदलू शकतो, त्यामुळे एकेका वाटेचा फेज मोजता येत नाही. पूर्ण वळशावरची A ची बेरीज मात्र बदलत नाही, ती नेहमी Φ च येते. यावर अजून वाद आहे. 2012 मध्ये लेव्ह वैडमन यांनी मांडलं, की चुंबकाच्या स्रोतालाही क्वांटम नियम लावले तर विभवाचा आधार न घेता, इलेक्ट्रॉनच्या क्षेत्राचा त्या स्रोतावर होणारा परिणाम धरून हाच फेज काढता येतो. पट्टे सरकण्याचं कारण कसं सांगायचं, याबद्दलचा हा वाद आहे. ते किती सरकतात याबद्दल दोन्ही बाजूंचं उत्तर eΦ/ħ हेच आहे.