मेसेजमधली 'ली' कुणाची?

'तू फाईल पाठवलीस का?' एवढ्यावरून हा मेसेज एखाद्या मुलीला गेलाय असं धरून चालू नकोस. इथली 'ली' फाईलची आहे. त्याच व्यक्तीला 'फोटो पाठवलास का?' असंही विचारतील. 'तू पोचलीस का?' मध्ये मात्र 'ली' तिचीच.

शंका आली की 'तू' काढून 'तो' किंवा 'ती' घालून बघ. 'त्याने फाईल पाठवली' असा 'ने' लागला, तर क्रियापद फाईलच्या लिंगाने चालतं. 'ती पोचली' असा 'ने' लागलाच नाही, तर माणसाच्या. फसवतात ती विसरणे, शिकणे यांसारखी क्रियापदं: 'तू फाईल विसरलास' म्हटलं की फाईल स्त्रीलिंगी असूनही विसरलेला पुरुषच. 'तुम्ही पोचलात का?' वरून मात्र काहीच कळत नाही.