कोठीची खोली आवरल्याचा व्हिडिओ: आधीचं, नंतरचं आणि मधलं

‘आधी’चा शॉट फिका वाटतो. थोडं सामान बाहेर ओढून पसारा वाढवला तर चालेल का? – गुहागर

नको. पसारा वाढवला की बघणाऱ्याला खोलीची खरी अडचण दिसतच नाही. कोठीच्या खोलीत ती बहुधा जमिनीवर नसते. तांदळाच्या डब्यापुढे रिकाम्या बरण्या, बरण्यांपुढे गणपतीच्या मखराचं सामान, आणि रोज लागणारं मीठ सगळ्यांच्या मागे, अशी ती असते. म्हणून मीठ काढायला किती वस्तू हलवाव्या लागतात, ते एकदा न कापता चित्रित करा. हाच तुमचा ‘आधी’चा शॉट. आवरून झाल्यावर मीठ काढतानाचा असाच शॉट घ्या. फरक आपोआप दिसेल.

दोन्ही वेळी कॅमेरा त्याच जागी हवा. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा आणि काम संपेपर्यंत त्या काढू नका. आधी 1x लेन्स वापरली असेल तर नंतरही तीच वापरा, 0.5x वर तीच खोली मोठी दिसते. वेळ आणि दिवेही तेच ठेवा. सकाळी दहाला खिडकी उघडी ठेवून घेतलेला शॉट संध्याकाळच्या अंधारातल्या शॉटशेजारी लावलात, तर निम्मा बदल उजेडानेच केलेला असतो. फोनच्या पडद्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करायला विसरू नका.

दीड मिनिटात काय काय बोलायचं? – मालवण

सेकंदाला दोन शब्द धरले तर साधारण १८० शब्द बसतात. त्यातले तीसेक सेकंद काहीही न बोलता हात काम करताना दिसू द्या, म्हणजे लिहायला साधारण १२० शब्द उरतात. आठ बाय दहाची खोली दोघांनी दीड दिवसात आवरली असेल, तर निवेदन असं होईल:

सुरुवातीला: ‘ही आमची कोठीची खोली. मीठ काढायला पाच वस्तू बाजूला कराव्या लागतात.’

मध्यावर: ‘आवरायला दोघांना दीड दिवस लागला. दोन पोती भंगारात गेली. जुनी भांडी शेजारी दिली. चार खोके अजून माळ्यावर आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.’ हे म्हणताना कॅमेरा माळ्याकडे वळवा आणि तीन सेकंद तिथेच ठेवा.

शेवटी: ‘मीठ आता दाराजवळ आहे. वरच्या फळीवर आईचा हात पोचत नाही, तिथे स्टूल लागतंच.’

यातलं माळ्याचं वाक्य कापायचा मोह सगळ्यात जास्त होतो. पण फ्रेमबाहेर गेलेलं सामान घराबाहेर गेलेलं नसतं, आणि बघणारा त्याच्या घरी हेच करायला जातो तेव्हा त्याला ठेवायला जागा सापडत नाही. मग आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटतं. वेळ आणि माणसं सांगायची तीही याचसाठी: दीड दिवसाचं काम वीस सेकंदांत पळवल्यावर आकडा बोलूनच सांगावा लागतो.

मे महिन्यात आवरलं, व्हिडिओ टाकला, आणि श्रावणात डब्यांना कुबट वास. आता काय सांगू? – रत्नागिरी

जे झालं तेच सांगा, कारणासकट. उन्हात वाळवलेलं धान्य गरम असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं, तर डबा गार होताना आतल्या वाफेचे थेंब झाकणाच्या आतल्या बाजूला जमतात. बुरशीला तेवढा ओलावा पुरतो. धान्य परातीत पसरून पूर्ण गार करा आणि मगच भरा. दुसरं कारण भिंतीचं. पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते आणि तिला टेकलेल्या फडताळाची पाठ आधी काळी पडते, म्हणून चार बोटं जागा सोडा. नुसत्या समोरच्या शॉटमध्ये ही पाठ कधीच दिसत नाही.

कोकणात ‘नंतर’चा एक शॉट पुरत नाही. पहिला मृगाआधी आणि दुसरा ऑगस्टच्या मध्यावर, त्याच चिकटपट्टीच्या खुणांवरून घ्या. दुसऱ्यात झाकण उघडून आतली बाजू जवळून दाखवा. पावसाळ्याआधीच टाकायचा असेल तर पडद्यावर लिहा: ‘चित्रीकरण मे महिन्यातलं. पावसाळ्यात काय होतं ते अजून पाहिलेलं नाही.’

डबे कंपनीने फुकट पाठवले. शेवटी आभार मानले तर पुरे ना? – दापोली

पुरे नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार फुकट मिळालेली वस्तूही सांगावी लागते. पंधरा सेकंदांहून मोठ्या आणि दोन मिनिटांहून लहान व्हिडिओत ती सूचना एक तृतीयांश वेळ पडद्यावर हवी, म्हणजे तुमच्या दीड मिनिटात तीस सेकंद. डबे पहिल्यांदा दिसतात तिथूनच ती सुरू करा. आणि निवेदनात एक वाक्य घाला: ‘हे बारा डबे फुकट मिळाले. घरातल्या जुन्या बरण्यांत काम भागलं असतं का, ते आम्ही करून पाहिलेलं नाही.’ पाहिलं असेल, तर काय दिसलं ते सांगा.