तात्यांचा वार्षिक आढावा

«वडिलांचं हॉटेल गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. आमचे हेड वेटर तात्या तिथे 22 वर्षं आहेत. शाळेतून आलो की मला तेच वाढायचे. यंदा सगळ्यांचा वार्षिक आढावा लेखी घ्यायचा ठरवलंय, पण तात्यांना त्यांच्या चुका कोणत्या तोंडाने सांगू? मागे एकदा बोलायला बसलो, तर ‘तुम्ही म्हणाल तसं, मालक’ म्हणाले आणि दोन दिवस कामावरच आले नाहीत.»

पहिल्या भेटीत मी या तरुण मालकाला आढाव्याचा फॉर्म दाखवायला सांगितला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) नेटवरून उतरवलेला फॉर्म होता: वृत्ती, नेतृत्व, वक्तशीरपणा, पाचपैकी गुण. वृत्तीला तात्यांना दोन मिळाले होते. “दोनच का?” विचारलं, तर तीन आठवड्यांपूर्वीचं आचाऱ्याशी झालेलं भांडण निघालं. बाकी वर्षातलं काही आठवेना. ताजा प्रसंग अख्खं वर्ष गिळतो, तो असा.

‘वृत्ती’ आम्ही खोडली. वृत्तीवर बोट ठेवलं की माणूस स्वतःचा बचाव करतो, कामाबद्दल बोलत नाही. स्वयंपाकघरातून पदार्थ उशिरा येणं आणि महिन्याचा गल्लाही खोडला, कारण ते तात्यांच्या हातात नाही. उरलं ते हेड वेटरचं खरं काम: गिऱ्हाईक बसल्यापासून ऑर्डर किती वेळात घेतली जाते, स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, म्हणजे केओटी, किती रद्द होतात आणि नवीन पोरं किती तयार झाली. तात्या स्वतः उत्तम वाढतात, यावर मालकाने निम्मं पान लिहिलं होतं. पण हेड वेटरचं मोजमाप त्याच्या हाताखालच्यांच्या टेबलांवरही व्हायला हवं.

रद्द केओटी काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या. मालकाने सहा आठवड्यांच्या काढल्या. 38 निघाल्या, त्यातल्या 23 शनिवार-रविवार संध्याकाळच्या, आणि बहुतेकांवर कारण एकच: चुकीचा पदार्थ. मालक म्हणाला, “वय झालं, विसरतात.” मी म्हटलं, निष्कर्ष काढू नका, चिठ्ठ्या तशाच त्यांच्यापुढे ठेवा.

बैठक मंगळवारी दुपारी चारला, फॅमिली सेक्शनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर झाली. काउंटरवर नाही, कारण तिथे सगळ्यांचे कान असतात. सुरुवातीलाच सांगितलं की पगाराचं पंधरा दिवसांनी वेगळं बोलू. नाहीतर माणूस सगळा वेळ आकड्याची वाट पाहतो. मग गॅस संपला त्या रात्रीची आठवण काढली: बारा टेबलं भरलेली होती, तात्यांनी प्रत्येकाशी बोलून एकालाही उठू दिलं नव्हतं. असा तारीख-वार असलेला प्रसंग आणि “तुम्ही छान काम करता” यात फार फरक आहे.

नंतर चिठ्ठ्या मांडल्या. “यात तुम्हाला काय दिसतं?” एवढंच विचारून मालक गप्प राहिला. हे गप्प राहणंच सगळ्यात कठीण गेलं, असं तो नंतर म्हणाला.

तात्यांनी बराच वेळ चाळल्या. “ही पोरांची अक्षरं आहेत. गर्दीत ऑर्डर मी घेतो, आत जाताना पोराला सांगतो, तो लिहितो.” मग जरा थांबून, “पोरांना पॅड द्या म्हणून दोनदा म्हणालो होतो.”

पॅड काउंटरला कुलपात होती. पोरं कागद वाया घालवतात म्हणून ती मालकानेच ठेवली होती. ऑर्डर एकाच्या कानातून दुसऱ्याच्या हातात जाताना बिघडत होती. तात्यांच्या स्मरणशक्तीचा त्यात संबंध नव्हता.

मालकाने उद्दिष्टं पाच लिहून आणली होती, मी तीन कापायला लावली. पहिलं: पुढच्या सहा आठवड्यांत शनिवार-रविवारच्या रद्द केओटी 23 वरून 10 पर्यंत. त्यासाठी ऑर्डर घेईल त्यानेच लिहायची आणि टेबलावरच वाचून दाखवायची. दुसरं: तीन महिन्यांत दोन नवीन पोरं चार-चार टेबलं एकट्याने सांभाळतील. मालकाच्या नावावरही एक ओळ: पॅड उघड्यावर राहतील.

तात्या म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” इथे पुन्हा गाडी अडली असती. ते होकाराचं वाक्य नव्हतंच. मालकाने ठरल्याप्रमाणे विचारलं, “यातलं अवघड काय वाटतं?” उत्तर आलं: रविवारी रात्री आठ ते दहा वाचून दाखवायला वेळच नसतो. म्हणून त्या दोन तासांसाठी दाराशी टेबल देण्याचं काम मालकाने स्वतःकडे घेतलं.

सहा आठवड्यांनी रद्द केओटी 11 निघाल्या. एक पोरगा तयार झाला, दुसरा काम सोडून गावी गेला. फॉर्मवर सही करण्याआधी तात्या म्हणाले, “तो गावी गेला, हे त्यात लिहा.” मालकाने लिहिलं. तात्यांनी दोनदा वाचलं आणि मग सही केली.